सीरम, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन: दोन थरांमध्ये कुठे थांबायचं आणि कुठे नाही

व्हिटॅमिन सी लावून वीस मिनिटं थांबायचं, मॉइश्चरायझर लावून आणखी दहा मिनिटं, आणि मग उशीर झाला म्हणून चप्पल घालता घालता सनस्क्रीनचा एक ठिपका दोन्ही गालांवर फिरवायचा. बऱ्याच जणींची सकाळ अशी जाते. जिथे थांबून काही मिळत नाही तिथे अर्धा तास जातो, आणि जिथे खरंच थांबायला हवं तिथे दोन मिनिटंही उरत नाहीत. म्हणून प्रत्येक थराला घड्याळ लावू नका. थांबायच्या मुख्य जागा तीनच आहेत: रात्री चेहरा धुतल्यावर रेटिनॉइड म्हणजे व्हिटॅमिन ए गटातलं औषध लावण्याआधी, सकाळी मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीनच्या मध्ये, आणि सनस्क्रीन लावल्यावर मेकअप किंवा ऊन यांच्या आधी.

## त्वचेवर त्या दहा मिनिटांत काय होतं

सीरम लावल्यावर तीन-चार मिनिटांत चेहरा कोरडा लागतो आणि आपण म्हणतो, मुरलं. खरं तर तेवढ्या वेळात त्यातलं पाणी, अल्कोहोल आणि लवकर उडणारं सिलिकॉन हवेत गेलेलं असतं. औषधी घटक अजून वरच्या मृत पेशींच्या थरावरच असतो. तो थर केसापेक्षाही पातळ असला तरी ओलांडायला अवघड असतो. घटक त्यातून हळूहळू, तासन्‌तास खाली जात राहतो, आणि बराचसा भाग वरच राहून पुढच्या वेळी धुऊन निघतो.

यातून दोन गोष्टी कळतात. पाच मिनिटांनी वर क्रीम लावलं म्हणून खालचं सीरम बाद होत नाही, कारण त्याचं काम क्रीमखालीही चालूच राहतं. आणि दोन घटक एकमेकांशी पटत नसतील, तर मध्ये अर्धा तास गेल्यानेही ते वेगळे होत नाहीत. अर्ध्या तासानंतरही दोन्ही तिथेच असतात.

## तयारी: आदल्या दिवशी हातावर करायची चाचणी

कोणतं उत्पादन किती वेळात सुकतं हे डब्यावर लिहिलेलं नसतं, आणि ते हवेवरही अवलंबून असतं. नागपूरला एप्रिलमध्ये दोन मिनिटांत सुकणारं मॉइश्चरायझर मुंबईत जुलैत आठ मिनिटं चिकट राहू शकतं. म्हणून दुसऱ्याच्या मिनिटांवर जाऊ नका, आपल्या घरातली मिनिटं काढा.

मनगटापासून कोपरापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला तीन पट्टे करा. पहिल्यावर फक्त सनस्क्रीन लावा. दुसऱ्यावर मॉइश्चरायझर लावून लगेच सनस्क्रीन लावा. तिसऱ्यावर मॉइश्चरायझर लावा, बोटाच्या मागच्या बाजूने हलकं टेकवून पाहा, आणि बोट चिकटायचं थांबल्यावर सनस्क्रीन लावा. तिसऱ्या पट्ट्याला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. सकाळी जिथे तयार होता त्याच खोलीत, पंखा तसाच ठेवून हे करा.

दहा मिनिटांनी तिन्ही पट्ट्यांवरून बोट फिरवा. दुसऱ्यावर पांढरा मळ निघाला आणि तिसऱ्यावर नाही, तर दोष घाईचा आहे. दोन्हींवर निघाला, तर ती दोन उत्पादनं एकमेकांवर बसत नाहीत आणि थांबून उपयोग नाही. त्यातलं एक बदलावं लागेल. पहिल्या पट्ट्यावरसुद्धा मळ निघत असेल, तर सनस्क्रीनच तसं आहे, किंवा ते सुकू लागल्यावरही तुम्ही चोळत राहिलात.

इशारा: मळ निघतो म्हणून सनस्क्रीन कमी लावायची सवय लागते. हा उपाय मूळ तक्रारीपेक्षा महाग पडतो. कमी करायचंच असेल तर मॉइश्चरायझर कमी करा.

## सकाळ

### टप्पा १: चेहरा धुणं आणि टिपणं

टॉवेलने टिपून घ्या, घासू नका. पुढे हायलुरॉनिक आम्लाचं सीरम किंवा साधं मॉइश्चरायझर लावायचं असेल तर त्वचा किंचित ओली असलेली चांगली. तिथे थांबलात तर ती ओल उडून जाते आणि हातात काही येत नाही. पुढे व्हिटॅमिन सीचं आम्लयुक्त सीरम असेल तर मात्र त्वचा कोरडी करून घ्या. ओल्या त्वचेवर ते जास्त चुरचुरतं आणि पाण्याने पातळही होतं.

### टप्पा २: व्हिटॅमिन सी, आणि अर्ध्या तासाचा गैरसमज

थांबण्याचा सर्वात जास्त वेळ इथे वाया जातो. कारण असं सांगतात की एल-अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे शुद्ध व्हिटॅमिन सी, कमी पीएचला म्हणजे जास्त आम्लपणालाच काम करतं आणि वर क्रीम लावलं की पीएच वाढून ते निकामी होतं. यातला पहिला भाग खरा आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, डुकराच्या त्वचेवरच्या प्रयोगात हे आम्ल आत जायला द्रावणाचा पीएच साडेतीनच्या खाली लागतो असं दिसलं. पण ही अट बाटलीतल्या द्रावणाची आहे, आणि ते काम ते बनवणाऱ्याने केलेलं असतं.

दुसरा भाग टिकत नाही. १० ते २० टक्के सीरममध्ये आम्ल भरपूर असतं. सामान्य मॉइश्चरायझरमध्ये ते उदासीन करू शकेल असं फारसं काही नसतं, आणि वर बसतो तोही एक पातळ थर. तेवढ्याने पीएच जागेवरून फारसा हलत नाही. त्याच प्रयोगात असंही दिसलं की तीन दिवस रोज लावल्यावर त्वचेतला साठा भरतो आणि एकदा भरलेला साठा निम्मा व्हायला सुमारे चार दिवस लागतात. जो घटक दिवसांच्या हिशोबाने साठतो, त्याला आज सकाळी दोन मिनिटं दिली की वीस, याने फरक पडत नाही.

चार-पाच थेंब चेहरा आणि मानेवर पसरवा आणि ओलसर चकाकी जाईपर्यंत थांबा. सहसा एक-दोन मिनिटं पुरतात. त्यावर नायसिनामाइड लावायचं असेल तर लगेच लावा. ही दोन एकमेकांना मारतात, हा समज सोडून द्यायला हरकत नाही.

तपासणी: हात सीरमवरून सरकतोय का? सरकत असेल तर अजून ओलं आहे, आणखी एक मिनिट द्या. हात अडखळत असेल तर सीरम जास्त झालंय. उद्या एक थेंब कमी घ्या.

### टप्पा ३: मॉइश्चरायझर, आणि पहिला खरा थांबा

थर पातळ ठेवा. तेलकट त्वचा असेल आणि सनस्क्रीन क्रीमसारखं दाट असेल, तर सकाळी मॉइश्चरायझर वगळलं तरी चालतं. त्याने एक थर आणि एक थांबा दोन्ही वाचतात.

लावलं असेल तर मात्र इथे थांबा, हातावरच्या चाचणीत लिहून ठेवलेली मिनिटं. सनस्क्रीनचं काम त्याचा थर सगळीकडे सारख्या जाडीचा बसण्यावर अवलंबून असतं. खाली ओलं क्रीम असेल तर दोन्ही मिसळतात, सनस्क्रीन पातळ होतं आणि कुठे जाड, कुठे विरळ बसतं. आरशात हे दिसत नाही, चेहरा छान चकाकतो. दिसतं ते आठवड्यांनी, गालाच्या हाडावरचा वांग फिका व्हायचं थांबतो तेव्हा.

इशारा: वेळ वाचवायला तळहातावर मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एकत्र करू नका. ५० एसपीएफ अर्ध्या क्रीममध्ये मिसळलं तर चेहऱ्यावर किती उरतं, हे कुणीच सांगू शकत नाही. सनस्क्रीन जसं आहे तसंच चेहऱ्यावर जायला हवं.

### टप्पा ४: सनस्क्रीन पुरेसं, दोन हप्त्यांत

प्रयोगशाळेत एसपीएफ मोजताना एक चौरस सेंटिमीटर त्वचेवर २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावतात. चेहरा आणि मान धरून हे साधारण सव्वा ग्रॅम होतं. तर्जनी आणि मधलं बोट यांच्यावर टोकापासून बुडापर्यंत भरून काढलेल्या दोन रेघा म्हणजे साधारण तेवढं. बहुतेकजण याच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी लावतात.

एवढं एकदम लावलं की ते पसरत नाही, कपाळावर तरंगतं आणि मग आपण चोळत बसतो. त्यापेक्षा आधी एका बोटाचं घ्या, कपाळ, गाल, नाक, हनुवटी, मान असे ठिपके द्या आणि पसरवा. मिनिटभराने दुसऱ्या बोटाचं तसंच लावा. दुसऱ्या हप्त्यात कानाच्या पाळ्या, केसांची कड, भुवयांच्या वरचा पट्टा आणि जबड्याखालची जागा आठवणीने घ्या, कारण पहिल्या हप्त्यात हीच सुटतात. दुसरा हप्ता थोपटत लावा. पहिला सुकू लागला असताना वरून रगडलं तर तो उखडतो, आणि मळ निघतो तो असाच.

तपासणी: ट्यूब किती दिवस पुरते ते पाहा. रोज एकदा चेहरा आणि मानेला पुरेसं लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब सुमारे ४० दिवसांत संपते. एकटीला ती तीन-चार महिने जात असेल तर थांबायच्या मिनिटांचा विचार नंतर करा, आधी मात्रा वाढवा.

### टप्पा ५: सनस्क्रीननंतरचा थांबा

इथे पंधरा ते वीस मिनिटं द्या. केमिकल सनस्क्रीनला ‘चालू व्हायला’ वीस मिनिटं लागतात, असं कारण सहसा दिलं जातं. ते बरोबर नाही. ही द्रव्यं त्वचेवर पडल्या क्षणापासून अतिनील किरणं शोषतात, आणि ती वरच्या थरातच राहायला हवीत. आत मुरणं हे त्यांचं काम नाही. थांबायचं ते थर सुकून धरावा म्हणून. सारवलेली जमीन ओली असताना पाय पडला की जसा ठसा उमटतो, तसं ओल्या थरावर हात, रुमाल, ओढणी किंवा हेल्मेटचा पट्टा लागला की तिथे पट्टा उघडा पडतो. घामही ओल्या थराला लवकर वाहून नेतो.

एसपीएफ मोजण्याच्या आयएसओ २४४४४ या पद्धतीतही लावल्यावर १५ ते ३० मिनिटं सुकू देऊन मगच किरणं सोडतात. म्हणजे ट्यूबवरचा आकडा सुकलेल्या थराचा आहे. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवाल्या सनस्क्रीनला थांबावं लागत नाही, असं ऐकायला मिळतं. त्यांचाही थर ओला असताना पुसला जातो, म्हणून तिथेही हाच नियम ठेवा.

आणि वेळच नसेल तर? सनस्क्रीन वगळू नका. लावून लगेच उन्हात गेलात तरी ते न लावण्यापेक्षा कितीतरी बरं. फक्त पहिली दहा-पंधरा मिनिटं चेहऱ्याला हात लावू नका.

मेकअप करायचा असेल तर तो या थांब्यानंतर, स्पंजने थोपटून. फाउंडेशन ब्रशने ओढलं तर खालचा थर सरकतो.

## एका सकाळचा हिशोब

माझी भाची ठाण्याला राहते. घरातून निघते ८:०५ला, आणि स्टेशनपर्यंत दहा-बारा मिनिटं उन्हातून चालते. तिचा जुना क्रम असा होता: ७:२०ला व्हिटॅमिन सी, वीस मिनिटांनी नायसिनामाइड, दहा मिनिटांनी मॉइश्चरायझर, आणखी दहा मिनिटांनी म्हणजे ८ वाजता सनस्क्रीन. ते वाटाण्याएवढं लावून लगेच कुर्ता डोक्यातून घालायचा. अर्धं सनस्क्रीन कुर्त्याच्या गळ्याला लागायचं, आणि गालावरचे मुरुमांचे डाग काही केल्या हटत नव्हते.

आम्ही तिच्या मॉइश्चरायझरच्या मागची यादी वाचली. त्यात नायसिनामाइड होतंच. म्हणून वेगळं सीरम बंद केलं. नवा क्रम असा बसला: ७:१५ला कुर्ता आधी घालून गळ्याभोवती जुना टॉवेल, ७:२०ला चेहरा धुऊन व्हिटॅमिन सी, ७:२२ला मॉइश्चरायझरचा पातळ थर. तिच्या खोलीत ते पंख्याखाली सहा मिनिटांत सुकतं. तेवढ्यात ती डबा भरते. ७:२९ला सनस्क्रीनचा पहिला हप्ता, ७:३१ला दुसरा. मग केस, नाश्ता, पिशवी. ७:५५ला काजळ आणि लिपस्टिक. उन्हात पाऊल पडतं तेव्हा सनस्क्रीन लावून अर्धा तास झालेला असतो, आणि त्यासाठी वेगळं थांबावं लागत नाही.

“मावशी, एवढं लावलं तर चेहरा पांढराफटक दिसतो,” ही तिची पहिली तक्रार होती. तिला दहा मिनिटांनी पुन्हा आरशात पाहायला सांगितलं. पाणी उडाल्यावर बराचसा पांढरेपणा जातो. झिंक ऑक्साइड जास्त असलेल्या सनस्क्रीनमध्ये तो राहतो. तिथे थांबून फरक पडत नाही, त्वचेच्या रंगाचं टिंटेड सनस्क्रीन घ्यावं लागतं. वांग असेल तर ते तसंही चांगलं. त्यातलं आयर्न ऑक्साइड डोळ्याला दिसणारा प्रकाशही काही प्रमाणात अडवतं, आणि आपल्यासारख्या सावळ्या, गव्हाळ त्वचेत तोही वांग गडद करतो.

## रात्र

### टप्पा ६: धुतल्यावर रेटिनॉइडआधीचा थांबा

ट्रेटिनॉइन या तीव्र रेटिनॉइडच्या माहितीपत्रकात चेहरा धुतल्यावर वीस ते तीस मिनिटं थांबायला सांगतात. ही सूचना गांभीर्याने घ्या. पाण्याने फुगलेल्या त्वचेतून औषध जास्त आणि पटकन आत जातं, आणि त्याचा परिणाम म्हणजे लाली, आग आणि पापुद्रे. अडॅपलीन किंवा साधं रेटिनॉल तुलनेने सौम्य आहे. तिथे त्वचा नाकाच्या कडेला आणि हनुवटीखालीही पूर्ण कोरडी असली की पुरे. या वेळात जेवून घ्या. धुणं जेवणाआधी आणि औषध जेवणानंतर ठेवलं की हा थांबा पाळला जातो.

नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांच्या कडांवर आधी पेट्रोलियम जेली लावा. मग पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं औषध घ्या. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके देऊन पसरवा. सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीन रात्रीच.

### टप्पा ७: मॉइश्चरायझर आधी की नंतर

त्वचा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर लावा, ते चिकट लागेनासं होईपर्यंत थांबा आणि मग रेटिनॉइड. असं केल्याने जळजळ कमी होते. त्वचा सरावली असेल तर रेटिनॉइड आधी, आणि पाचेक मिनिटांनी वरून मॉइश्चरायझर थोपटून. ही पाच मिनिटं औषध सरकू नये म्हणून आहेत. लगेच क्रीम चोळलं तर ते डोळ्यांकडे आणि ओठांच्या कोपऱ्यांकडे ढकललं जातं, आणि सकाळी नेमके तेच कोपरे सोलतात.

इशारा: गरोदर असाल किंवा तसं नियोजन असेल तर रेटिनॉइड नको. त्वचारोगतज्ज्ञाने लिहून दिलेल्या औषधाला त्यांनी वेगळी वेळ किंवा क्रम सांगितला असेल तर तोच पाळा.

### टप्पा ८: जिथे थांबून सुटका नाही

ग्लायकोलिक आम्ल लावायचं, अर्धा तास थांबायचं आणि मग रेटिनॉइड, असं अनेकजणी करतात. दोन्ही त्वचेला टोचणारी आहेत, आणि अर्ध्या तासाने आम्लाचा परिणाम पुसला जात नाही. त्यांना वेगवेगळ्या रात्री द्या. आपल्या त्वचेला चुरचुर लालीपेक्षा महागात पडते, कारण लाली चार दिवसांत जाते आणि तिच्या जागी उठलेला काळा डाग महिनोन्‌महिने राहतो.

मुरुमांवरचं बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि ट्रेटिनॉइनचंही असंच. साध्या जेलमधलं ट्रेटिनॉइन बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या सान्निध्यात, विशेषतः उजेडात, बिघडतं. मध्ये दहा मिनिटं थांबल्याने पेरॉक्साइड कुठे जात नाही. ते सकाळी लावा, ट्रेटिनॉइन रात्री. अडॅपलीन मात्र याला टिकतं, म्हणूनच ही दोन एकाच ट्यूबमध्ये मिळतात.

थांबूनही आग होत असेल, तर मिनिटं वाढवत बसू नका. त्या रात्री साध्या पाण्याने धुवा, फक्त मॉइश्चरायझर लावा, आणि सोलणं पूर्ण थांबेपर्यंत रेटिनॉइड, आम्लं, व्हिटॅमिन सी असे सगळे अ‍ॅक्टिव्ह घटक बंद ठेवा. सनस्क्रीन चालू राहू द्या. पुन्हा सुरू करताना एका वेळी एकच घटक आणा, आणि दोन आठवडे त्रास झाला नाही तरच पुढचा. डोळ्यांभोवती सूज, पाणी येणारे फोड किंवा दोन-तीन दिवसांत न ओसरणारी आग असेल तर थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, आणि जाताना वापरत असलेल्या सगळ्या ट्यूब आणि बाटल्या पिशवीत घालून न्या.